आठवा, दुसरा, दहावा

दरवर्षी मे महिन्याच्या मध्यावर भारतीय हवामान विभाग एक तारीख जाहीर करतो: मान्सून केरळात अमुक दिवशी पोहोचेल, चार दिवस मागेपुढे. सरासरी तारीख १ जून. हा अंदाज २००५ पासून नियमितपणे दिला जातो आणि तो काढायला एक सांख्यिकी मॉडेल वापरलं जातं. वायव्य भारतातलं किमान तापमान, दक्षिण द्वीपकल्पावरचा वळवाचा पाऊस, दक्षिण चीन समुद्रावरून अवकाशात जाणारं उष्णतेचं प्रारण अशा मोजक्या गोष्टी त्यात घेतात. डी. एस. पै आणि एम. राजीवन हे दोघे पुण्याच्या हवामान विभागातले शास्त्रज्ञ होते. शिवाजीनगरच्या ज्या इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात, तिथलाच हा विभाग. त्यांनी २००९ मध्ये या अंदाजाची पद्धत सविस्तर प्रसिद्ध केली. तिच्या केंद्रस्थानी प्रिन्सिपल कंपोनन्ट अ‍ॅनालिसिस आहे, म्हणजे मुख्य घटकांचं विश्लेषण. सगळे त्याला पीसीए म्हणतात.

आज जिथे म्हणून आकड्यांचे मोठे तक्ते हाताळले जातात, तिथे पीसीए असतंच. तक्त्यात शंभर रकाने असतील तर त्यांचे दहा करायचे आणि मगच मॉडेल बांधायचं, ही सर्रास पद्धत आहे. ती कशी चालते हे समजायला कॉलेजचं गणित आठवायला लागत नाही. बेरीज, गुणाकार आणि थोडा धीर पुरतो. पण ती कधी घात करते हे समजायचं असेल तर तिच्या आत काय चालतं ते एकदा हाताने करून पाहावंच लागतं. मान्सूनचंच उदाहरण घेऊ, कारण घात कसा होतो याचा सगळ्यात बोलका पुरावाही तिथेच सापडतो.

किनाऱ्यावर हवेचा दाब मोजणारी दोन ठाणी आहेत असं समजा, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. पावसाळ्यात वायव्येकडची जमीन तापलेली असल्यामुळे उत्तरेकडे दाब कमी आणि दक्षिणेकडे जास्त असतो. पाच दिवसांच्या नोंदी खाली दिल्या आहेत. हे आकडे कल्पित आहेत, हिशेब सोपा व्हावा म्हणून निवडलेले. दाब हेक्टोपास्कलमध्ये आणि वाऱ्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये आहे.

| दिवस | उत्तर | दक्षिण | वारा |
|---|---|---|---|
| पहिला | १००२ | १००५ | २६ |
| दुसरा | १००५ | १००६ | १४ |
| तिसरा | १००६ | १००८ | २० |
| चौथा | १००८ | १००९ | १४ |
| पाचवा | १००९ | १०१२ | २६ |

वाऱ्याचा रकाना तूर्त हाताने झाकून ठेवा. पीसीएसुद्धा तो पाहत नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

उत्तरेची सरासरी १००६ आणि दक्षिणेची १००८. प्रत्येक नोंदीतून आपापली सरासरी वजा केली की उत्तरेचे आकडे होतात -४, -१, ०, २, ३ आणि दक्षिणेचे -३, -२, ०, १, ४. आता मूळ दाब किती हे महत्त्वाचं राहिलं नाही. नेहमीपेक्षा किती वर किंवा किती खाली, एवढंच उरलं. या चढउताराचं माप म्हणजे व्हेरियन्स. प्रत्येक आकड्याचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि नोंदींच्या संख्येहून एक कमी अशा संख्येने भागायचं. उत्तरेच्या वर्गांची बेरीज ३०, भागिले ४, म्हणजे ७.५. दक्षिणेचंही ७.५ च येतं. आकडे मी तसेच निवडलेत.

दोन ठाणी किती एकसाथ हलतात हे पाहायला प्रत्येक दिवशीच्या दोन आकड्यांचा एकमेकांशी गुणाकार करायचा. पहिल्या दिवशी -४ गुणिले -३, म्हणजे १२. मग २, ०, २, १२. बेरीज २८, भागिले ४, म्हणजे ७. याला कोव्हेरियन्स म्हणतात. कमाल ७.५ असू शकणारा हा आकडा ७ आला, म्हणजे दोन्ही ठाणी जवळजवळ जोडीने वरखाली होतात. उत्तरेला दाब वाढला तर दक्षिणेलाही वाढलेला असणार. दोन रकान्यांत बरीचशी माहिती तीच तीच आहे. ही पुनरुक्ती काढून टाकायची, हेच पीसीएचं काम.

आता कागदावर आडव्या अक्षावर उत्तरेचा दाब आणि उभ्या अक्षावर दक्षिणेचा दाब घेऊन पाच ठिपके मांडा. ते डावीकडे खालून उजवीकडे वर जाणाऱ्या एका तिरप्या पट्ट्यात पडलेले दिसतील. पीसीए विचारतं: या ठिपक्यांच्या मधून कुठल्या दिशेने रेघ ओढली तर ठिपक्यांच्या त्या रेघेवरच्या सावल्या सगळ्यात जास्त लांबवर पसरतील? आडव्या रेघेवर सावल्या पाडल्या तर त्यांचा व्हेरियन्स ७.५, उभ्या रेघेवर पाडल्या तरी ७.५. पण बरोबर मधल्या, पंचेचाळीस अंशांच्या रेघेवर पाडल्या तर तो १४.५ होतो. याहून जास्त कुठल्याच दिशेला मिळत नाही. या रेघेला काटकोनात असलेल्या दिशेने सावल्या पाडल्या तर उरतो फक्त ०.५. एकूण बेरीज मात्र तीच राहते: आधी ७.५ अधिक ७.५, आता १४.५ अधिक ०.५. व्हेरियन्स कुठे गेला नाही की वाढला नाही. फक्त त्याची वाटणी बदलली.

ही दिशा शोधायला सगळ्या रेघा ओढून पाहायची गरज नसते. तिथे आयगेनव्हेक्टर कामाला येतात. नावाला घाबरण्यासारखं त्यात काही नाही. वर काढलेले आकडे एका चौकटीत मांडा: पहिल्या ओळीत ७.५ आणि ७, दुसऱ्या ओळीत ७ आणि ७.५. ही कोव्हेरियन्सची चौकट एक यंत्र आहे. तिला एक दिशा दिली की ती दुसरी दिशा परत देते. तिला 'फक्त उत्तर' ही दिशा द्या, म्हणजे (१, ०). परत येतात (७.५, ७). दिशा वळली, दक्षिणही तिच्यात मिसळली. आता (१, १) द्या, म्हणजे दोन्ही ठाणी सारखीच वर. पहिल्या ओळीवरून ७.५ अधिक ७, दुसरीवरून ७ अधिक ७.५. परत येतात (१४.५, १४.५). दिशा तीच राहिली, फक्त लांबी १४.५ पट झाली. आणि (१, -१) दिली, म्हणजे एक ठाणं वर तर दुसरं तेवढंच खाली, तर परत येतात (०.५, -०.५). इथेही दिशा ढळली नाही. लांबी मात्र निम्मी झाली.

ज्या दिशा या यंत्रातून न वळता बाहेर येतात त्या आयगेनव्हेक्टर. लांबी जितक्या पटीने बदलते तो आकडा म्हणजे आयगेनव्हॅल्यू, आणि हा आकडा म्हणजेच त्या दिशेवरच्या सावल्यांचा व्हेरियन्स. १४.५ आणि ०.५ हे आपण दोन वेगळ्या वाटांनी काढले, तरी ते जुळले. दोन रकान्यांऐवजी दहा रकाने असते तर चौकट दहा बाय दहाची झाली असती, एकमेकींना काटकोनात अशा दहा दिशा मिळाल्या असत्या आणि आयगेनव्हॅल्यूंच्या उतरत्या क्रमाने त्यांना पहिला घटक, दुसरा घटक असे क्रमांक मिळाले असते.

ही कल्पना जुनी आहे. कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये ठिपक्यांच्या ढगाला सगळ्यात जवळून जाणारी रेघ शोधताना ती मांडली. हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ मध्ये तिला आजचं रूप आणि नाव दिलं, तेही एका शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात. हवामानशास्त्रात ती एडवर्ड लॉरेन्झ यांच्या १९५६ च्या अहवालापासून वेगळ्या नावाने रुजली. हवामानवाल्यांना इतकं वेड लागावं याचं कारण उघड आहे: त्यांच्याकडे मोजमापं हजारो ठिकाणची, पण मान्सून वर्षातून एकदाच येतो. तीस वर्षांची नोंद म्हणजे फक्त तीस ओळी.

आपल्या उदाहरणाचा निकाल आता असा लागतो: पहिल्या घटकात एकूण १५ पैकी १४.५, म्हणजे जवळजवळ ९७ टक्के व्हेरियन्स आहे. दुसऱ्यात जेमतेम ३ टक्के. सर्वसाधारण सल्ला असा की ९० किंवा ९५ टक्के व्हेरियन्स राखेल इतके घटक ठेवा, बाकीचे टाका. म्हणून आपण दुसरा घटक टाकतो आणि दोन रकान्यांचा एक करतो.

आता वाऱ्याच्या रकान्यावरचा हात काढा.

पहिल्या दिवशी दोन ठाण्यांतल्या दाबाचा फरक ३ होता आणि वारा २६. पाचव्या दिवशीही फरक ३ आणि वारा २६. फरक १ होता त्या दोन्ही दिवशी वारा १४. फरक २ तेव्हा २०. वारा दाबाच्या फरकावर वाहतो, हे शाळेत शिकलेलं इथे अगदी शिस्तीत दिसतं. (पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो दाबाच्या उताराने सरळ न वाहता वळतो, म्हणून उत्तर-दक्षिण फरकातून पश्चिमेचे वारे निर्माण होतात. पण जोर ठरतो तो फरकावरूनच.) आणि हा फरक म्हणजे नेमका दुसरा घटक आहे, आपण आत्ताच टाकलेला. पहिला घटक म्हणजे दोन्ही दाबांची बेरीज. सरासरीपासून मोजली तर ती पाच दिवसांत -७, -३, ०, ३, ७ अशी जाते, आणि वारा सरासरी २० पासून +६, -६, ०, -६, +६ असा. गुणाकार करून बेरीज घ्या: -४२, १८, ०, -१८, ४२. एकूण शून्य. ९७ टक्के व्हेरियन्स सांभाळणाऱ्या घटकाला वाऱ्याबद्दल एका सरळ रेघेत सांगण्यासारखं काहीही ठाऊक नाही. त्याच्यावर बांधलेलं मॉडेल पाचही दिवस 'ताशी २० किलोमीटर' एवढंच सांगेल. ३ टक्क्यांच्या घटकावर बांधलेलं मॉडेल पाचही दिवसांचा वारा अचूक सांगेल.

इथे पीसीएची काही चूक झालेली नाही. त्याला विचारलं होतं की ठिपके कुठे जास्त पसरलेत, आणि त्याने ते चोख सांगितलं. वाऱ्याबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं. पसारा म्हणजे महत्त्व, हे आपण मनाने जोडलं. एकमेकांच्या जोडीने हलणाऱ्या मोजमापांत बेरीज नेहमी मोठी असते आणि फरक छोटा. म्हणून ज्या प्रश्नाचं उत्तर फरकात दडलेलं असतं, तिथे ही सवय हमखास नडते. आणि निसर्गातल्या कितीतरी प्रश्नांची उत्तरं फरकातच असतात: दाबाचा फरक, तापमानाचा फरक, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या उष्णतेतला फरक.

हे उदाहरण मुद्दाम रचलेलं आहे, असं कुणी म्हणेल, आणि तो आक्षेप रास्त आहे. संख्याशास्त्रातही तो घेतला गेला. मोस्टेलर आणि टुकी यांनी १९७७ च्या आपल्या पुस्तकात कबूल केलं होतं की एखादा दुष्ट माणूस असं उत्तर रचू शकेल, जे नेमकं आपण टाकलेल्या घटकांत लपलेलं असेल. पण निसर्ग इतका कपटी असेल असं त्यांना वाटत नव्हतं. पाच वर्षांनी, १९८२ मध्ये, इयन जॉलिफ या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने एक छोटा लेख लिहून या भरवशाला उत्तर दिलं. रचलेली उदाहरणं न देता त्याने छापून आलेल्या अभ्यासांतलीच उदाहरणं समोर ठेवली. त्यातलं एक भारतीय मान्सूनचं होतं.

कुंग आणि शरीफ यांनी १९८० मध्ये मान्सूनच्या आगमनाची तारीख आधीच्या काळातल्या वरच्या थरांतल्या हवेवरून सांगता येते का, हे तपासलं होतं. मोजमापं दहा, म्हणून घटकही दहा. व्हेरियन्सचा नियम पाळायचा तर पहिले काही घटक ठेवून बाकीचे सोडून द्यायला हवे होते. पण आगमनाच्या तारखेशी कुठल्या घटकांचा संबंध सगळ्यात जास्त आहे हे पाहिल्यावर क्रम लागला तो असा: आठवा, दुसरा, दहावा. दहावा म्हणजे सगळ्यात शेवटचा, सगळ्यात कमी पसाऱ्याचा. आणि ज्याला मुख्य म्हणावं तो पहिला घटक या तिघांत नाहीच. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. तो कुणी मुद्दाम रचलेला नाही. ज्या तारखेकडे कोकणातला, विदर्भातला शेतकरी डोळे लावून बसतो तिच्याबद्दलचाच तो आहे.

मग छोटे घटक टाकायचा सल्ला मुळात आला तरी कुठून? त्यामागे खरी अडचण आहे, आणि ती समजून न घेता पीसीएला दोष देणं बरोबर नाही. मॉडेल प्रत्येक घटकाला एक गुणांक देतं, म्हणजे हा घटक एकाने वाढला तर वारा कितीने बदलतो तो आकडा. नोंदी मोजक्या आणि त्यात थोड्या चुका असल्या की हा गुणांक डळमळतो. किती डळमळतो ते आयगेनव्हॅल्यूवर ठरतं: आयगेनव्हॅल्यू जितकी लहान तितकी अनिश्चितता जास्त. आपल्या उदाहरणात दुसऱ्या घटकाच्या गुणांकाचा व्हेरियन्स पहिल्याच्या २९ पट असेल, १४.५ भागिले ०.५. बेरीज सात-सात अंकांनी वरखाली जाते, त्यामुळे तिचा परिणाम स्पष्ट दिसतो. फरक फक्त एका अंकाने हलतो, म्हणून त्याचा परिणाम नोंदीतल्या चुकांत सहज बुडतो. फक्त तीस वर्षांच्या ओळी असलेल्या माणसाला ही भीती अगदी खरी असते. यातली एखादी घसट टाळायला तो छोटे घटक काढून टाकतो आणि त्याचं मॉडेल खरोखरच जास्त स्थिर होतं. कधी कधी मात्र ते स्थिरपणे चुकीचं होतं.

म्हणजे प्रश्न उरतो तो एवढाच: हा छोटा घटक नुसता गोंगाट आहे की त्यात काही सांगणं आहे? व्हेरियन्सच्या टक्केवारीत याचं उत्तर नसतं. ते मोजण्याच्या साधनात असतं. आपल्या ०.५ कडेच पाहा. दोन्ही ठाण्यांच्या वायुभारमापकांत सुमारे ०.७ हेक्टोपास्कलची चूक असती, तर त्या चुकीचा व्हेरियन्स ०.७ चा वर्ग, म्हणजे जवळजवळ ०.५ झाला असता. चुका दोन ठाण्यांवर स्वतंत्रपणे होतात, म्हणून त्या सगळ्याच दिशांना सारख्या पसरतात. तसं असतं तर दुसऱ्या घटकाचा सगळा पसारा साधनाच्या चुकीनेच भरून निघाला असता आणि तो टाकणं शहाणपणाचं ठरलं असतं. पण चांगल्या वायुभारमापकाची चूक एक-दोन दशांश हेक्टोपास्कलच्या आसपास असते. तिचा व्हेरियन्स ०.०१ ते ०.०४. मग ०.५ हा त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. म्हणजे हवेत खरोखरच काहीतरी घडतंय. मापाची चूक किती असू शकते हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस हा निर्णय घेऊ शकतो. फक्त आकड्यांचा तक्ता हातात असलेला माणूस घेऊ शकत नाही.

मापांवरून आणखी एक घोटाळा होतो, तो इथेच सांगायला हवा. समजा उत्तरेच्या ठाण्याने दाब हेक्टोपास्कलऐवजी पास्कलमध्ये लिहिला. हवा तीच, दिवस तेच. आकडे फक्त शंभरपट झाले. व्हेरियन्स वर्गाने वाढतो, म्हणून ७.५ चे ७५,००० झाले. दक्षिणेचा मात्र ७.५ च राहिला. आता आयगेनव्हेक्टर काढला तर पहिला घटक जवळजवळ पूर्णपणे उत्तरेचं ठाणं होतो. त्यात दक्षिणेचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो आणि तो एकूण व्हेरियन्सच्या ९९.९ टक्क्यांहून जास्त भाग 'समजावतो'. पाहणाऱ्याला वाटतं की केवढं मोठं यश मिळालं. प्रत्यक्षात पीसीएने फक्त कुठल्या रकान्यात मोठे आकडे लिहिलेत एवढंच शोधून काढलेलं असतं.

मान्सूनच्या मॉडेलमध्ये तर तापमान अंशांत, वारा मीटर प्रति सेकंदात आणि प्रारण वॅटमध्ये. अशी सरमिसळ असली की आधी प्रत्येक रकान्याला त्याच्या प्रमाणित विचलनाने भागून सगळ्यांचा व्हेरियन्स एक करून घेतात. एखाद्याच घटकाने ९८-९९ टक्के व्हेरियन्स खाल्लेला दिसला आणि त्या घटकात एकाच रकान्याचं वजन एकच्या जवळ असलं, तर हे भागायचं राहून गेलंय असं खुशाल समजावं. पण भागण्यालाही किंमत आहे. ज्या रकान्यात जवळजवळ काहीच घडत नाही, फक्त साधनाची थरथर आहे, त्यालाही यामुळे इतरांच्या बरोबरीचा आवाज मिळतो.

काही मॉडेलांना घटकांत रूपांतर करण्यानेच त्रास होतो, घटक टाकले नाहीत तरी. 'किमान तापमान अमुक अंशांच्या वर आहे का' असे एकेका रकान्याचे प्रश्न विचारत निर्णयाच्या फांद्या फोडणारी मॉडेल्स त्यात येतात. घटक म्हणजे सगळ्या रकान्यांचं मिश्रण असल्यामुळे, तापमानाचा जो सरळ उंबरठा एका प्रश्नात पकडता आला असता त्यासाठी त्यांना आता जिन्यासारखे कितीतरी प्रश्न विचारावे लागतात. आणि अंदाज चुकला तर का चुकला हे विचारायला कुणाकडे जायचं? 'तिसरा घटक' नावाचं काही हवेत कुणी पाहिलेलं नसतं.

मग छोट्या घटकांचं काय करायचं? जॉलिफनंतर याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. सगळे घटक काढायचे, पण व्हेरियन्सच्या क्रमाने न निवडता ज्याचा अंदाज करायचा आहे त्याच्याशी असलेल्या संबंधावरून निवडायचे. पार्शल लीस्ट स्क्वेअर्स नावाची पद्धत तर दिशा शोधतानाच उत्तराच्या रकान्याकडे पाहते. मला त्याहून जास्त भावते ती १९७० मध्ये होर्ल आणि केनार्ड यांनी मांडलेली रिज रिग्रेशनची पद्धत. ती कुठलाच घटक तोडत नाही. प्रत्येकाचा आवाज त्याच्या आयगेनव्हॅल्यूप्रमाणे कमीजास्त करते. आयगेनव्हॅल्यूला 'आयगेनव्हॅल्यू अधिक एक ठरावीक आकडा' याने भागायचं. जे येईल तेवढ्या पटीने गुणांक ठेवायचा. आपल्या उदाहरणात तो आकडा ०.५ घेतला तर पहिल्या घटकाला १५ पैकी १४.५, म्हणजे जवळजवळ पूर्ण आवाज मिळतो, आणि दुसऱ्याला ०.५ भागिले १, म्हणजे निम्मा. मग अंदाज येतात २३, १७, २०, १७, २३. खरा वारा २६, १४, २०, १४, २६. बिनचूक नाहीत, पण वारा कधी वाढला आणि कधी पडला हे पाचही दिवस बरोबर. दुसरा घटक तोडणाऱ्या मॉडेलने पाचही दिवस २० सांगितलं होतं.

संबंध पाहून घटक निवडण्यात स्वतःची अशी एक फसगत आहे. दहा घटक आणि तीस वर्षं असली की एखाद्या निरर्थक घटकाचाही तारखेशी निव्वळ योगायोगाने संबंध जुळू शकतो. त्यामुळे आठवा आणि दहावा घटक वर आले हे वाचून लगेच भाळून जाण्यातही धोका आहे. खात्री करण्याचा मार्ग एकच: एक वर्ष बाजूला ठेवायचं, उरलेल्या वर्षांवर मॉडेल बांधायचं, बाजूला ठेवलेल्या वर्षाची तारीख सांगायची, आणि हे प्रत्येक वर्षासाठी करायचं. यात एक गोष्ट भलेभले विसरतात. सरासरी, प्रमाणित विचलन, कोव्हेरियन्सची चौकट, आयगेनव्हेक्टर आणि घटकांची निवड, सगळं काही प्रत्येक वेळी त्या वर्षाला वगळून नव्याने काढायचं असतं. आधी सगळ्या वर्षांवर पीसीए करून मग एकेक वर्ष झाकलं, तर झाकलेल्या वर्षाची माहिती मागच्या दाराने मॉडेलमध्ये शिरलेली असते. घटक सगळ्या वर्षांची तारीख पाहून निवडले असतील तर ही गळती सगळ्यात वाईट. कागदावर चूक दोन दिवसांची दिसते आणि पुढच्या मे महिन्यात ती आठवड्यावर जाते.

२०१५ मध्ये हवामान विभागाने ३० मे ही तारीख दिली होती आणि मान्सून केरळात ५ जूनला आला, चार दिवसांच्या मर्यादेबाहेर. २००५ पासूनच्या अंदाजांत असं क्वचितच घडलंय, आणि त्या वर्षीची चूक घटकांच्या निवडीमुळे झाली असं म्हणायला कुठलाही आधार नाही. हवा सांख्यिकी मॉडेलला एवढीच जागा देते. पण ज्या कुणाला एखादं मॉडेल 'आम्ही ९५ टक्के व्हेरियन्स राखलाय' असं सांगून दाखवलं जाईल, त्याने आणखी दोन आकडे मागून घ्यावेत: सगळे घटक ठेवून रिज रिग्रेशन केलं तर न पाहिलेल्या वर्षांवरची चूक किती येते, आणि टाकलेल्या घटकांचा उत्तराशी संबंध किती होता. पहिला आकडा तुमच्या मॉडेलच्या चुकीहून लहान निघाला, तर तुमचा वारा टाकलेल्या ५ टक्क्यांत गेलेला आहे, आणि दुसऱ्या आकड्यावरून तो कुठल्या घटकाबरोबर गेला हेही कळेल.